भंगाराचा कोड: 37 चे 38 होते, की 46?

साकीनाका, जरीमरी, कुर्ला या पट्ट्यातून जाणाऱ्याला भंगाराच्या गल्ल्या ओळखाव्या लागत नाहीत. प्लास्टिकच्या गोण्यांच्या थप्प्या आणि ग्राइंडरचा आवाज पुरेसा असतो. या धंद्यात मुस्लिम मालक आणि मजूर मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्याविषयी लिहिताना आपण साधारणपणे आग, प्रदूषण आणि तोडकाम यांविषयी लिहितो. मला आज पाच आकड्यांविषयी लिहायचे आहे. हे आकडे कंपनीच्या कागदावर असतात आणि मालकाला त्यांचा अर्थ बहुधा ठाऊक नसतो. मात्र थकलेल्या बिलावर त्याला व्याज मागता येईल की नाही, हे काही वेळा त्यांच्यावरच ठरते.

प्रत्येक कंपनीला सीआयएन नावाचा २१ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. पहिले अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगते, आणि त्यानंतरचे पाच आकडे उद्योगाचा कोड असतात. हा कोड राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातून, म्हणजे एनआयसीमधून घेतात. या वर्गीकरणाच्या वेळोवेळी नव्या आवृत्त्या निघाल्या: १९७०, १९८७, १९९८, २००४ आणि २००८. उद्यम नोंदणीत २००८ ची आवृत्ती वापरतात. मुंबईतल्या हजारो जुन्या कंपन्यांच्या सीआयएनमध्ये मात्र आधीच्या आवृत्तीतले आकडे बसलेले आहेत आणि नवी आवृत्ती आली म्हणून ते बदलत नाहीत.

आवृत्ती बदलली तर बिघडते काय? आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो. सिप्ला ही औषध कंपनी सर्वांना माहीत आहे. तिचा सीआयएन असा आहे:

```
L24239MH1935PLC002380
```

२००४ च्या आवृत्तीत 24 म्हणजे रसायने आणि रासायनिक उत्पादने. त्यातला 2423 हा औषधांचा वर्ग, म्हणजे कोड बरोबर आहे. २००८ च्या आवृत्तीत मात्र 24 म्हणजे लोखंड, पोलाद आणि इतर मूळ धातू. औषधे तिथे 21 मध्ये गेली आहेत. एखाद्या संगणकाने जुना कोड नव्या यादीत शोधला, तर सिप्ला धातू गाळणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसेल. सिप्लाचे त्याने काही बिघडणार नाही, कारण ती काय करते हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. गाळ्यात चालणाऱ्या कंपनीचे तसे नसते. तिच्याविषयी समोरच्या बाबूला जे कळते ते या आकड्यांतूनच.

याच क्रमांकात आणखी एक गोष्ट दिसते. त्यातले 1935 हे कंपनीच्या स्थापनेचे वर्ष आहे. १९३५ साली एनआयसी नव्हतेच, म्हणजे उद्योगाचा कोड पुढे कधीतरी दिला गेला. तेव्हा सीआयएनमधले वर्ष पाहून कोडची आवृत्ती ठरवता येत नाही. आवृत्ती सांगणारी खूण त्या २१ अक्षरांत कुठेही नाही आणि माझ्या मते सगळ्या घोळाचे मूळ हेच आहे.

आता भंगाराकडे येऊ. साकीनाक्याच्या एका ओळखीच्या कंपनीच्या सीआयएनची सुरुवात `U37200MH` अशी आहे. २००४ च्या आवृत्तीत विभाग 37 म्हणजे पुनर्चक्रीकरण. 3710 हा धातूच्या भंगाराचा वर्ग आणि 3720 धातू सोडून इतर भंगाराचा. ही कंपनी प्लास्टिकचे काम करते, म्हणजे नोंद झाली तेव्हा कोड चोख होता. शिवाय तेव्हा विभाग 37 हा 'उत्पादन' या मोठ्या गटाचा भाग होता.

या कंपनीने कर्जासाठी एका बँकेत अर्ज केला. मंजुरीच्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात छापून आले, सांडपाणी व्यवस्था. मालक मला म्हणाले, "भाई, आम्ही गटार कधी साफ केलं?" बँकेच्या माणसाने मुद्दाम काही केले नव्हते. त्यांच्या प्रणालीने सीआयएनमधले पहिले दोन आकडे उचलले आणि ते २००८ च्या यादीत पाहिले. त्या यादीत 37 म्हणजे सांडपाणी. पूर्ण पाच आकडे पाहिले असते, तर चूक तिथेच पकडली गेली असती, कारण 37200 असा कोड नव्या यादीत नाही. जुना कोड नव्या यादीत टाकला की झाला आहे का, हे ओळखायची ही पहिली युक्ती. पाच आकडे सापडत नाहीत आणि पहिले दोन मात्र भलत्याच धंद्यात नेऊन ठेवतात, असे झाले तर यादी चुकीची धरली आहे असे समजावे.

सांडपाण्याची चूक ढोबळ होती, म्हणून लगेच दिसली. त्यानंतरची चूक मात्र दिसत नव्हती. 'दुरुस्ती' करायला बसलेल्या माणसाने नव्या यादीच्या शोधचौकटीत भंगारासाठी इंग्रजी शब्द टाकला, स्क्रॅप. समोर 4669 आला. भंगार, टाकाऊ माल आणि इतर वस्तूंचा घाऊक व्यापार, असा त्याचा अर्थ. शब्द जुळला, कोड निवडला, काम संपले.

हा शब्दच फसवा आहे. जुन्या आवृत्तीत 3710 आणि 3720 या दोन्ही वर्गांच्या इंग्रजी शीर्षकात स्क्रॅप हा शब्द होता. नव्या आवृत्तीत हेच काम 3830 मध्ये गेले आणि त्याचे शीर्षक झाले 'मटेरियल्स रिकव्हरी', म्हणजे टाकाऊतून साहित्य परत मिळवणे. त्या शीर्षकात स्क्रॅप नाही. शीर्षकात तो शब्द उरला फक्त व्यापाराच्या वर्गात. त्यामुळे भंगारावर प्रक्रिया करणारा माणूस स्वतःचा धंदा रोजच्या शब्दाने शोधू लागला, की यादी त्याला व्यापाऱ्याच्या दारात नेऊन उभी करते.

हे वर्ग असे का हलले? एनआयसीचा सांगाडा संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणावर उभा आहे. त्याच्या चौथ्या आवृत्तीत पाणीपुरवठा, सांडपाणी, कचरा गोळा करणे, त्याची विल्हेवाट आणि त्यातून साहित्य परत मिळवणे ही सगळी कामे एका नव्या गटात, 'ई' मध्ये आणली गेली. पुनर्चक्रीकरण त्यामुळे उत्पादनाच्या गटातून बाहेर पडले. भारताच्या २००८ च्या आवृत्तीने हीच मांडणी घेतली. विचार वाईट नव्हता. पण ज्या माणसाचे काम कालपर्यंत कागदावर कारखानदारी होते, तो एका फेरबदलात कचऱ्याच्या गटात आला आणि त्याला कुणी कळवले नाही.

3830 आणि 4669 यांच्यातली सीमा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या टिपांत बरीच स्पष्ट आहे. माल गोळा केला, वेगळा केला, गोण्यांत भरला, साठवला आणि विकला, पण त्याचे खरे रूपांतर केले नाही, तर तो व्यापार. जुनी गाडी खोलून चालू सुटे भाग विकले, तर तोही व्यापार. पण प्लास्टिक धुतले, दळले, वितळवून त्याचा दाणा केला, म्हणजे भंगाराचा कच्चा माल बनवला, तर ते 3830. आणि त्याच दाण्यापासून बादली किंवा पाइप ओतला, तर तो सरळ उत्पादनाच्या गटात, 2220 मध्ये जातो. एक गोणी प्लास्टिक तीन गाळ्यांतून फिरते आणि प्रत्येक गाळ्यात तिचा कोड वेगळा असतो.

अडचण अशी, की आपल्याकडे हे तीन गाळे बहुधा एकाच मालकाचे असतात. मग कंपनीचा मुख्य कोड कोणता? बहुतेक जण म्हणतील, ज्याची विक्री जास्त तो. वर्गीकरणाचा नियम तसा नाही. कोणत्या कामातून कंपनी किती मूल्य वाढवते, म्हणजे विक्रीतून विकत घेतलेला माल, वीज वगैरे वजा करून काय उरते, ते पाहायचे असते. ती माहिती मिळतच नसेल, तर विक्री किंवा कामगारसंख्या यांचा आधार घ्यायचा.

वरच्या कंपनीचे गणित सोप्या आकड्यांत मांडतो. नुसता वेगळा केलेला माल वर्षाला ९० लाखांचा विकला जातो, पण त्याची खरेदीच ८० लाखांची आहे. उरले १० लाख. दाण्याची विक्री ६० लाखांची, त्यासाठी लागलेला माल आणि वीज ३८ लाखांची, उरले २२ लाख. बादल्या-मगांची विक्री ३० लाखांची, खर्च १२ लाखांचा, उरले १८ लाख. विक्री पाहिली तर १८० लाखांपैकी निम्मी नुसत्या व्यापाराची आहे, म्हणून कंपनी व्यापारी ठरते. मूल्यवाढ पाहिली तर ५० लाखांत व्यापाराचे १०, दाण्याचे २२ आणि बादल्यांचे १८. आधी मोठा गट ठरवायचा आणि मग त्याच्या आत उतरायचे, असा क्रम असतो. इथे 'ई' गट पुढे आहे, म्हणून मुख्य कोड 3830. व्यापार सर्वांत मागे आहे.

याच गणितातून एक मर्यादाही दिसते. उद्या आणखी एक मोल्डिंग मशीन आले आणि बादल्यांचे १८ चे २५ लाख झाले, तर मुख्य कोड 2220 होईल. कोड हा एकदा गोंदवून घ्यायचा आकडा नाही. धंदा बदलला की तोही तपासावा लागतो. उद्यम नोंदणीत एकाहून अधिक कोड देता येतात, तेव्हा खरे असलेले तिन्ही द्यावेत आणि मुख्य कोणता ते हिशेबाने ठरवावे.

आता प्रश्न, 3830 काय आणि 4669 काय, फरक कुणाला पडतो? घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना, म्हणजे 45, 46 आणि 47 या विभागांना, २ जुलै २०२१ च्या आदेशाने उद्यम नोंदणी पुन्हा खुली झाली. पण त्यांना मिळणारा लाभ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच ठेवला गेला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने आणखी एक मोठे हत्यार दिले आहे. माल घेणाऱ्याला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. कागदावर व्यापारी ठरलेल्या माणसाने हे हत्यार उचलले, की समोरची कंपनी पहिला आक्षेप हाच घेते: तुम्ही तर 46 मधले.

दाणा विकणाऱ्याचे गिऱ्हाईक म्हणजे बहुधा त्याच्याहून मोठी मोल्डिंग कंपनी. ती चार-चार महिने पैसे अडकवते आणि गाळेवाला भाडे, मजुरी, वीजबिल उसनवारीवर भागवतो. आपल्या समाजातले कितीतरी धंदे व्याजाने नव्हे, तर थकलेल्या बिलांनी बुडालेले मी पाहिले आहेत. अशा वेळी कायद्याचा एक आधार हाताशी असताना तो शोधचौकटीतल्या एका शब्दामुळे निसटावा, हे मला मान्य नाही.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. हे वाचून कुणी म्हणेल, मग सगळ्यांनीच 3830 लावून टाका. तसे करू नये. जो माणूस फक्त गोण्या घेतो आणि विकतो, त्याने प्रक्रियेचा कोड लावला, तर वाद झाला त्या दिवशी त्याच्याकडे ग्राइंडरचे बिल नसेल, त्या भाराचे वीजबिल नसेल, दाण्याच्या विक्रीची पावती नसेल. कोड कामाला जुळला पाहिजे आणि काम कागदाने सिद्ध झाले पाहिजे.

जुना कोड बदलण्याआधी आणखी एक तपासणी करावी लागते: तो मुळात बरोबर होता का? हे फक्त गाळेवाल्यांचे दुखणे नाही. हे दोन क्रमांक पाहा:

```
L85110TN1979PLC008035
L85110KA1981PLC013115
```

पहिला अपोलो हॉस्पिटल्सचा आहे. २००४ च्या आवृत्तीत 8511 म्हणजे रुग्णालये, तेव्हा तो योग्य आहे. दुसरा इन्फोसिसचा आहे. आज्ञावली लिहिणाऱ्या देशातल्या एका नामांकित कंपनीवर रुग्णालयाचा आकडा बसलेला आहे. २००८ च्या यादीत तर 85 म्हणजे शिक्षण. आता जुन्या कोडवरून नवा कोड काढणारे तयार कोष्टक कितीही बिनचूक असले, तरी ते इन्फोसिसला संगणक सेवांच्या 62 मध्ये कधीच नेणार नाही. ते तिला इमानदारीने नव्या यादीतल्या रुग्णालयांत पाठवेल. कोष्टक आकड्याला आकडा जोडते. कंपनी काय करते हे त्याला माहीत नसते.

म्हणून माझे म्हणणे असे, की हे काम आकड्यापासून सुरू करूच नये. आधी कंपनीच्या घटनापत्रातली उद्दिष्टे आणि गेल्या वर्षाची बिले समोर घ्यावीत. त्यावरून जुना कोड कोणत्या आवृत्तीत अर्थपूर्ण ठरतो ते पाहावे. मग २००८ च्या एनआयसी पुस्तकाच्या शेवटी दिलेले २००४ शी जुळणीचे कोष्टक उघडावे. जुन्या एका कोडपुढे नवा एकच कोड असेल, तर प्रश्न मिटला. एकाहून अधिक असतील, तर तिथे माणसाने निर्णय घ्यायचा आणि त्या निर्णयाची एक ओळ लिहून ठेवायची: अमुक कोड निवडला, कारण अमुक कामातून मूल्यवाढ सर्वाधिक आहे. ही ओळ दोन वर्षांनी बँकेत किंवा परिषदेत कामी येते.

सरकारकडे आणि बँकांकडेही मागणी छोटीच आहे. जिथे जिथे उद्योगाचा कोड साठवला जातो, तिथे शेजारी आवृत्तीचे वर्ष साठवा. 37200 असे नुसते लिहू नका, 37200 आणि २००४ असे लिहा. जिथे जुन्या कोडला अनेक नवे पर्याय आहेत, तिथे प्रणालीने परस्पर एक निवडू नये, कंपनीला विचारावे. आणि शोधचौकटीत स्क्रॅप टाइप करणाऱ्याला 4669 च्या बरोबरीने 3830 दाखवावा, एका वाक्यासह: तुम्ही माल जसाच्या तसा विकता, की त्याचे रूपांतर करता? एवढा एक प्रश्न विचारला गेला, तर साकीनाक्याच्या गल्लीतला कोणताही मालक त्याचे उत्तर कुणाच्याही मदतीशिवाय देऊ शकतो.

हे आत्ताच म्हणण्याचे कारण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती मंजूर झाली आहे आणि आपली यादीही तिच्यामागे जाणार. आज ज्यांचा 37 अजून 38 झालेला नाही, त्यांना तेव्हा एका जुन्या आकड्यावरून दोन पायऱ्या उडी मारावी लागेल. कंपनी सांडपाण्यात किंवा व्यापारात चुकून नोंदली गेली असेल, तर तीच चूक पुढच्या यादीत नव्या आकड्याने जाईल. तेव्हा कागदपत्रांची फाइल काढा, सीआयएनमधले पाच आकडे पाहा आणि ते कोणत्या वर्षाच्या भाषेत लिहिले आहेत ते आजच शोधा.